धर्मसंस्थेच्या निर्वासित मदत कार्यक्रमाचं मूल्यमापन: 'मर्यादा' कुठे आणि किती लिहायच्या?

सावलीदुपार

नमस्कार मंडळी. एका धर्मसंस्थेच्या निर्वासित मदत कार्यक्रमाचं बाहेरून मूल्यमापन करण्याचं काम माझ्याकडे आहे. अहवालाचा मसुदा तयार झालाय, पण एका ठिकाणी गाडी अडलीय. संस्था कोणती, धर्म कोणता हे लिहीत नाही. ओळख पटू नये म्हणून आकडे आणि तपशीलही बदललेत.

कार्यक्रम साधारण असा: नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिलं वर्षभर राहायची सोय (बऱ्याचदा संस्थेच्याच एखाद्या सदस्याच्या घरातली खोली), भाषेचा वर्ग, कागदपत्रांना मदत आणि काम शोधून देणं. पगारी माणसं मोजकी, बाकी सगळे स्वयंसेवक, आणि ते बहुतेक त्याच श्रद्धेचे. भाषेचा वर्ग आणि साप्ताहिक प्रार्थना एकाच इमारतीत होतात. प्रवेशाच्या अर्जावर 'प्रार्थनेला येणं ऐच्छिक आहे' असं ठळक छापलंय.

दोन वर्षांत 140 कुटुंबं नोंदवली गेली. त्यांतली 96 सापडली, त्यांची पाहणी केली, आणि त्यांतल्याच 31 जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. 96 पैकी 72 कुटुंबांत निदान एक जण कमावता आहे आणि घराचा करार स्वतःच्या नावावर आहे. म्हणजे 75 टक्के. संस्थेला हा आकडा पहिल्या पानावर हवाय.

'मदत मिळत राहावी म्हणून प्रार्थनेला जावं लागेल असं कधी वाटलं का?' असाही एक प्रश्न होता. 96 पैकी फक्त 4 'हो' आले. संस्था खूश आहे. मला मात्र हा आकडा पटत नाही, पण का पटत नाही ते कागदावर मांडता येत नाहीये. संचालकांचं म्हणणं, मर्यादा शेवटच्या प्रकरणात एका परिच्छेदात उरका. तुम्ही काय कराल?

---

हिशेबनीस

अशा संस्थांच्या हिशेबात दोन ठिकाणी घोळ असतो. वस्तुरूपाने आलेल्या देणग्यांची पावती नसते आणि एकाच खर्चाचं बिल दोन देणगीदारांना दाखवलेलं असतं. आधी व्हाउचर तपासा आणि बँकेच्या नोंदींशी ताळा घ्या. बाकी सगळं नंतर.

---

सावलीदुपार

@हिशेबनीस, हे लेखापरीक्षण नाही हो. ते दुसरी मंडळी करतात. पैसे बरोबर खर्चले का हा माझा प्रश्नच नाही, त्या कुटुंबांचं काय झालं हा आहे.

---

हिशेबनीस

बरं. तरी एक विचारतो. प्रत्येक कुटुंबामागे किती खर्च आला हे लिहिणार असाल ना? मग सदस्यांच्या घरातल्या त्या खोल्या शून्य रुपयांत धरल्यात की बाजारभावाने?

---

सावलीदुपार

शून्यात. 😬 हे घेते, धन्यवाद. म्हणजे 'कमी खर्चात उत्तम काम' हे वाक्य बाद. खोल्या देणारे उद्या थकले तर तोच कार्यक्रम त्याच पैशांत चालणार नाही, हे त्याच ओळीत यायला हवं.

---

तिरकस

उगाच त्रास करून घेताय. तुलनेचा गटच नसेल तर 75 टक्के काय आणि 95 टक्के काय, दोन्ही निरर्थक. मदत न मिळालेली तेवढीच कुटुंबं घ्या, त्यांच्यात किती जण स्थिरावले बघा, फरक काढा. विषय संपला.

---

निरुपमा_क

तिरकस, निम्मं बरोबर बोललात. तुलनेचा गट नसेल तर 'कार्यक्रमामुळे 75 टक्के स्थिरावले' असं म्हणता येत नाही. 'मुळे' काढायलाच लागेल. पण मदत न मिळालेली कुटुंबं आणायची कुठून? प्रतीक्षायादीतून? ती यादी कोणी लावली हे आधी विचारा. स्वयंसेवकांनी ओळखीपाळखीने लावली असेल, तर यादीत मागे राहिलेली कुटुंबं मुळातच वेगळी असणार: मोठी, आजारी माणूस असलेली, इथे कोणी नातलग नसलेली. त्यांच्याशी तुलना केली तर कार्यक्रम आहे त्यापेक्षा चांगला दिसेल.

सावलीदुपार, मी या क्षेत्रात बरीच वर्षं आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमची पहिली अडचण प्रार्थनेची नाहीच, ती भाजकाची आहे. 140 पैकी 44 कुटुंबं सापडली नाहीत. जी सापडली ती का सापडली? फोन नंबर तोच राहिला, पत्ता तोच राहिला, संस्थेशी संबंध टिकला. म्हणजे स्थिर असलेलीच माणसं सापडली आणि त्यांना आपण विचारलं, 'तुम्ही स्थिर आहात का?'

आता दोन्ही टोकं काढून बघा. न सापडलेली सगळी 44 कुटुंबं उत्तम चाललीत असं धरलं तर 140 पैकी 116, म्हणजे 83 टक्के. एकही स्थिरावलं नाही असं धरलं तर 140 पैकी 72, म्हणजे 51 टक्के. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. पहिल्या पानावर 75 छापायचे असतील तर '51 ते 83' त्याच ओळीत छापा. पस्तिसाव्या पानावरची मर्यादा देणगीदार वाचत नाही. पहिल्या पानावरचा आकडा मात्र तो पुढे दहा सभांत सांगतो.

---

तिरकस

51 ते 83! मग हे मूल्यमापन कसलं, हा तर हवामानाचा अंदाज झाला. 😄

---

निरुपमा_क

हसा, पण हा पट्टा लहान करता येतो. सगळ्या 44 कुटुंबांमागे थोडं थोडं फिरू नका. चिठ्ठ्या टाकून त्यांतली 15 निवडा आणि त्यांच्यावरच सगळा जोर लावा: जुने शेजारी, मुलांची शाळा, पहिल्या कामाचा मुकादम, त्याच देशातल्या लोकांची मंडळं. 15 पैकी 11-12 सापडली तरी सगळ्या 44 बद्दल अंदाज बांधायला काहीतरी हाती लागतं. मात्र निवड चिठ्ठ्यांनीच करा. 'जे सोपे वाटतात ते' असं केलंत तर पुन्हा स्थिरावलेलेच सापडतील.

आणि हो, कोणाला शोधताना 'निर्वासित कुटुंब' हा शब्द शेजाऱ्यांपुढे उच्चारू नका. ते लोक तिथे काय सांगून राहतायत ते आपल्याला माहीत नसतं.

---

मधलीभाषा

मी काही वर्षं निर्वासितांसाठी दुभाष्याचं काम केलंय. तुमच्या त्या 4 बद्दल विचारते: मुलाखतीत दुभाषे कोण होते? आणि बसला होतात कुठे?

विचारायचं कारण असं. एकदा एका संस्थेसाठी मी दुभाषी होते. मुलाखती त्यांच्याच वर्गखोलीत चालल्या होत्या. दर दहा मिनिटांनी एक काकू पाण्याचा जग घेऊन आत येत. अतिशय प्रेमळ बाई. पण त्या दारात आल्या की समोरचा माणूस वाक्य अर्धं सोडून त्यांच्याकडे बघून हसायचा, आणि त्या गेल्यावर दुसराच विषय काढायचा. माझ्या टिपणांत यातलं काहीच उतरत नव्हतं. कागदावर फक्त 'समाधानी' असायचं. अजून एक, मी बाहेरून आलेली होते, पण बऱ्याच ठिकाणी भाषेच्या वर्गाचे शिक्षकच दुभाषे म्हणून बसतात. ज्यांच्या सहीवर तुमची वर्गातली हजेरी ठरते त्यांच्या तोंडून तक्रार कशी पोचवणार?

मुलाखती परत घेणं जमणार नसेल, तर निदान त्या 31 मुलाखतींचे दोन ढीग करा. संस्थेच्या इमारतीत संस्थेच्या दुभाष्यासोबत झालेल्या एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे. मग प्रार्थनेचा विषय कोणत्या ढिगात निघतो ते बघा.

---

समईवाती

मी स्वतः अशाच एका संस्थेत स्वयंसेवक आहे, म्हणून राहवलं नाही. हा सगळा सूर मला खटकतोय. आम्ही एका कुटुंबाला घरात ठेवलं होतं. आम्ही कधी 'या' म्हटलं नाही. त्या घरातल्या आजी आपणहून आमच्यासोबत यायला लागल्या. त्यांचा धर्म वेगळा, भाषा कळत नव्हती, तरी मागच्या रांगेत बसून रडायच्या आणि परत येताना शांत असायच्या. त्यांच्यासाठी तीच मदत होती. तुमच्या तक्त्यात याला कुठलं खानं आहे? काम आणि घरभाडं मोजता येतं म्हणून फक्त तेच मोजायचं?

---

निरुपमा_क

समईवाती, तुमचा मुद्दा खरा आहे आणि तो अहवालात यायला हवा. बरेच मूल्यमापक संकोचाने हा भाग गाळतात आणि मग धर्मसंस्थेचा अहवाल दुसऱ्या कुठल्याही संस्थेसारखा दिसतो. आजींसारख्या लोकांनी स्वतःहून जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत द्यावं. फक्त प्रार्थनेची हजेरी हा यशाचा निर्देशक करू नये. हजेरी वाढली म्हणजे दिलासा मिळाला की दडपण वाढलं, हे आकड्यावरून कळत नाही. आणि एकदा तो निर्देशक झाला की स्वयंसेवक हजेरी वाढवायच्या मागे लागतात.

रेड क्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्थांची 1994 ची आचारसंहिता आहे. मदत कुठल्याही राजकीय किंवा धार्मिक भूमिकेच्या प्रसारासाठी वापरायची नाही, हे तिचं तिसरं तत्त्व. धर्मसंस्थांनी श्रद्धा दाराबाहेर ठेवावी असं ते म्हणत नाही. मदत श्रद्धेला बांधू नका एवढंच म्हणतं. म्हणून सावलीदुपार यांनी विचारलेला प्रश्न तुमच्या संस्थेवरचा आरोप नाही. तुमच्या हेतूवर कोणाचा संशय नाही. घेणाऱ्याला काय वाटतं ते बघायचंय, आणि हेतू शुद्ध असला तरी घेणाऱ्याला वेगळं वाटू शकतं.

---

समईवाती

हेतू शुद्ध असूनही दोष आमच्याच माथी, असंच ना शेवटी? असो.

---

सावलीदुपार

मधलीभाषा, तुम्ही सांगितलं तसे ढीग केले. 22 मुलाखती संस्थेच्या इमारतीत, संस्थेच्याच दुभाष्यासोबत झाल्यात. 9 फोनवर, बाहेरच्या दुभाष्यासोबत, कारण ती कुटुंबं दुसरीकडे राहायला गेली होती. प्रार्थनेबद्दलचं अवघडलेपण 22 पैकी एकीत निघालं, 9 पैकी चारांत. मी थक्कच झाले.

त्या फोनवरच्या चारांपैकी एका बाईचं बोलणं देते: 'कोणी या असं म्हणालं नाही. पण ज्यांच्या घरात खोली होती ते प्रार्थनेच्या दिवशी आवरून, गाडीची किल्ली हातात घेऊन जिन्याखाली उभे राहायचे. आम्ही खाली उतरेपर्यंत थांबायचे. मी नाही कसं म्हणणार होते?'

आणि गंमत म्हणजे पाहणीतल्या थेट प्रश्नाला याच बाईंनी 'नाही' उत्तर दिलंय. जावं 'लागेल' असं कोणी म्हटलंच नव्हतं ना!

---

तिरकस

सिद्धच झालं की मग. 9 पैकी 4 म्हणजे 44 टक्के. छापा.

---

निरुपमा_क

अजिबात छापू नका! ते 9 जण चिठ्ठ्या टाकून निवडलेले नाहीत, ते निघून गेलेले आहेत. अवघडल्यासारखं झालं म्हणून गेले असतील, किंवा गेल्यामुळे आता मोकळेपणाने बोलता येत असेल. दुभाष्यामुळे उत्तर बदललं की माणसंच वेगळी होती, हे या 31 मुलाखतींतून सुटं करता येणार नाही. टक्केवारी नको, नुसतं '22 पैकी 1, 9 पैकी 4' लिहा आणि दोन्ही कारणं शेजारी मांडा. एवढ्यावरूनही एक गोष्ट ठामपणे म्हणता येते: 96 पैकी 4 हा आकडा दडपण नसल्याचा पुरावा नाही.

---

अनामिक_वाचक

यावर एक उपाय वाचला होता, याद्यांचा. एका गटाला चार साधी विधानं द्यायची, दुसऱ्या गटाला तीच चार अधिक नाजूक असं पाचवं. 'यातली किती लागू आहेत' एवढाच आकडा विचारायचा, कोणती ते नाही. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे नाजूक उत्तर देणाऱ्यांचं प्रमाण. कोणाचंच उत्तर उघडं पडत नाही. हे का नाही केलं?

---

निरुपमा_क

पद्धत चांगली आहे, पण इथे पुरी पडणार नाही. 96 कुटुंबांचे दोन गट, 48-48. समजा पहिल्या गटाची सरासरी 1.7 आली आणि दुसऱ्याची 2.1. फरक 0.4, म्हणजे 40 टक्के लोकांना दडपण वाटलं. आकडा भारदस्त दिसतो. पण अशा याद्यांत उत्तरं बरीच विखुरलेली असतात. प्रमाण विचलन 0.9 धरलं तर 48-48 च्या गटांत तो 40 टक्के म्हणजे 4 ते 76 मधलं काहीही असू शकतं. दहा टक्के इकडेतिकडे इतकी अचूकता हवी असेल तर प्रत्येक गटात सहाशेच्या वर कुटुंबं लागतील. एवढा मोठा कार्यक्रमच नाही हा.

त्यापेक्षा लोकांना न विचारताही थोडं कळू शकतं. कार्यक्रमाच्या नोंदवहीत बघा: अर्ज केल्यापासून खोली मिळेपर्यंत किती दिवस लागले? हे दिवस कुटुंब कोणामार्फत आलं त्यानुसार मांडा, म्हणजे संस्थेच्या सदस्यामार्फत की सरकारी कार्यालय वा दवाखान्यातून. प्रार्थनेला कोण येतं याची नोंद मात्र चुकूनही मागू नका. अशी यादी एकदा तयार झाली की ती कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही.

---

सावलीदुपार

नोंदवहीतून काढलं. सदस्यामार्फत आलेल्यांना खोली मिळायला मध्यक 12 दिवस, बाहेरून आलेल्यांना 30. पण सदस्यामार्फत येणारी कुटुंबं लहान निघाली. म्हणून कुटुंबाच्या आकारानुसार वेगळं केलं. चार माणसांपर्यंतच्या कुटुंबांत फरक जवळजवळ राहत नाही. पाच आणि त्याहून मोठ्या कुटुंबांत मात्र राहतो, आणि तो चांगला दोन-तीन आठवड्यांचा आहे. ही मोठी कुटुंबं एकूण 26.

संस्थेला विचारलं. उत्तर आलं, मोठ्या कुटुंबाला सामावून घेणारं घर मुळात मिळत नाही, ओळख असेल तरच कोणी तयार होतं. मला ते खोटं वाटलं नाही.

---

निरुपमा_क

खोटं नसेलही. ओळखीवर चालणाऱ्या कार्यक्रमात ओळख नसलेला मागे पडतो, त्यासाठी कोणी वाईट असावं लागत नाही. निष्कर्ष तसाच लिहा: मोठ्या कुटुंबांत, ओळखीतून न आलेल्यांना जास्त थांबावं लागलं, कुटुंबं 26, कारण निश्चित नाही. यातून शिफारसही सरळ निघते. मोठ्या कुटुंबांसाठी काही भाड्याची घरं ओळखीच्या साखळीबाहेर राखून ठेवा.

---

सावलीदुपार

पहिल्या पानाचा मसुदा असा केलाय, बघा:

'भेटलेल्या 96 कुटुंबांपैकी 72 कुटुंबांत कमावता माणूस आणि स्वतःच्या नावावर घराचा करार आहे. 44 कुटुंबांचा ठावठिकाणा लागला नाही. त्यांना धरून हे प्रमाण 51 ते 83 टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. यातलं किती कार्यक्रमामुळे झालं हे या पाहणीवरून सांगता येत नाही. प्रार्थनेबद्दल थेट विचारल्यावर चौघांनी दडपण वाटल्याचं सांगितलं. मुलाखती कुठे आणि कोणासमोर झाल्या यानुसार उत्तरं बदलताना दिसली, म्हणून हा आकडा किमान समजावा.'

संचालकांनी वाचलं. 'किमान समजावा' काढा म्हणतायत.

---

निरुपमा_क

काढू नका, आणि भांडूही नका. अहवालासोबत संस्थेचा लेखी प्रतिसाद जोडायची पद्धत असते: कुठला निष्कर्ष मान्य, कुठला अंशतः मान्य, कुठला अमान्य आणि का. त्यांनी तिथे 'अमान्य' लिहावं, कारणं द्यावीत. तुमचा मजकूर मात्र तुमचाच राहू द्या. करारात मजकुरावर शेवटचा शब्द कोणाचा आहे ते एकदा बघून घ्या.

---

हिशेबनीस

करारात तसं काही नसेल तर?

---

निरुपमा_क

तर अवघड आहे. मग संचालकांचा आग्रह आणि आपलं म्हणणं ईमेलवर नोंदवून ठेवायचं. याहून जास्त काही मला सुचत नाही.

---

मधलीभाषा

एक राहिलं. त्या जिन्याखालच्या किल्लीचं वाक्य अहवालात घेणार आहात का? घेऊ नका. संस्थेत खोली देणारी घरं किती असतील, वीस-पंचवीस? जिना असलेलं, गाडी असलेलं आणि कुटुंब नंतर निघून गेलेलं घर कोणतं हे तिथे सगळ्यांना एका मिनिटात कळेल. यजमानांना तर पहिल्याच ओळीत. ती बाई गेली असली तरी तिची बहीण किंवा ओळखीचं कोणी अजून तिथे असेल.

---

सावलीदुपार

इथे लिहिताना तपशील बदललेत, मूळ वाक्यात जिनाही नाही आणि गाडीही नाही. पण मुद्दा कळला. मूळ वाक्यही तितकंच ओळखू येण्यासारखं आहे. अडचण अशी की अख्ख्या अहवालात दडपण म्हणजे नेमकं काय ते त्या एका वाक्यातून कळतं. 'काहींना यजमानांच्या अपेक्षेचं अवघडलेपण वाटलं' असं लिहिलं तर संचालक ते हसत हसत मान्य करतील.

---

निरुपमा_क

मी ते वाक्य घेईन, पण तपशील पुसून आणि त्या बाईंना फोनवर वाचून दाखवून. त्या हो म्हणाल्या तरच.

---

मधलीभाषा

'हो' त्या म्हणतीलच हो. तुम्हालाही नाही कसं म्हणणार? मी अजूनही म्हणेन, घेऊ नका.

---

समईवाती

यजमानांनाही कोणी विचारलंय का, ते का थांबायचे? की त्यांची मुलाखत तुमच्या 31 मध्ये बसतच नाही?

---

सावलीदुपार

नाही, यजमानांच्या मुलाखती घेतल्याच नाहीत. कामाच्या कक्षेत नव्हत्या. आता मागून बघते, पण वेळ आणि पैसे दोन्ही संपत आलेत, त्यामुळे सध्या तरी ही पहिल्या पानावरची आणखी एक ओळ.